‘लॅग होता’ म्हटलं की सगळे का हसतात?

प्रश्न: माझा भाचा आणि त्याचे मित्र रात्री ऑनलाइन गेम खेळतात आणि त्यातल्या गप्पांचे फोटो मला पाठवतात. मी आयुष्यात कधी गेम खेळलेले नाही. खालच्या पाच ओळींवर त्यांची हसून मुरकुंडी वळली म्हणे. यात विनोद नक्की कुठे आहे? लॅग, नूब, रेज क्विट हे खेळ न येणाऱ्यालाही कळेल असं कुणी सांगेल का?

पहिला: मी आधी मारलं त्याला! लॅग!!
दुसरा: पिंग २८ आहे तुझा.
पहिला: टीमच नूब आहे सगळी.
(पहिला गेम सोडून गेला.)
तिसरा: अरेरे, नेट गेलं वाटतं बिचाऱ्याचं.

उत्तर:

हसू शेवटच्या ओळीवर फुटतं, पण त्याची वात पहिल्या ओळीतच पेटलेली आहे. मी सतराएक वर्षं असे नेमबाजीचे खेळ खेळतोय आणि मधली काही वर्षं मित्रांच्या खेळासाठी सर्व्हरही चालवला. सर्व्हर चालवणाऱ्याकडे गाऱ्हाणी येतात, त्यामुळे ‘लॅग’ हा शब्द मी जितक्या सुरांत ऐकलाय तितक्या सुरांत फार कमी जणांनी ऐकला असेल.

नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. या पाच ओळी म्हणजे त्याच म्हणीचा खेळ. फरक एवढाच, की ऑनलाइन खेळात अंगण कधीकधी खरोखर वाकडं असतं. हरणाऱ्याची सबब दहातल्या दोन वेळा खरी निघू शकते, आणि ती खरी की खोटी हे बाकीच्यांना आपापल्या घरी बसून नीट दिसत नाही. सगळी मजा त्या शंकेत आहे. म्हणून आधी अंगण कसं वाकडं होतं ते बघू.

समजा दहा जण दहा घरांत बसून एकच मॅच खेळताहेत. खेळ यांपैकी कुणाच्याच घरी चाललेला नसतो. तो चालतो सर्व्हरवर, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या खोलीतल्या एका यंत्रावर. कोण कुठे उभा आहे, कुणाला गोळी लागली, कोण मेला, हे सगळं ते यंत्र ठरवतं. तेच पंच आणि तेच मैदान. तुमच्या भाच्याच्या स्क्रीनवर दिसतं ते मैदानाचं चित्र, आणि तेही थोडं शिळं, कारण ते तारेतून प्रवास करत आलेलं असतं. भाच्याने बटण दाबलं की ती खबरही तशीच प्रवास करत पंचाकडे जाते. या जाण्यायेण्याला एकूण जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. १९८३ साली माइक म्युस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने हा वेळ मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीतून सोडलेला ध्वनी आपटून परत येतो तेव्हा होणाऱ्या आवाजावरून त्याने त्याला `ping` नाव दिलं. खेळाडूंनी तो शब्द पुढे आपलासा केला.

हा वेळ शून्यावर कधीच येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर २,००० किलोमीटर दूर असेल तर नुसतं जायला १० मिलिसेकंद लागणार आणि परत यायला १०. तार कुठेच सरळ रेषेत टाकलेली नसते आणि वाटेतलं प्रत्येक यंत्र आपला थोडा वेळ खातं, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून मोठाच. कनेक्शन कितीही वेगवान घेतलं तरी या अंतरावर उपाय नाही. हा उशीर इतका वाढला की खेळात जाणवू लागला, म्हणजे लॅग आला. बऱ्याच खेळांत एक बटण दाबलं की गुणफलक उघडतो आणि त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पिंग सगळ्यांना दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुसऱ्या ओळीत ती लागणार आहे.

आता एक प्रसंग आकड्यांनिशी बघू. यावर मी जितकी भांडणं सोडवली तितकी दुसऱ्या कशावरच नाही.

राजू आणि समीर समोरासमोरच्या संघांत आहेत. राजूचा पिंग ४०, म्हणजे त्याच्या घरून सर्व्हरपर्यंत २० मिलिसेकंद. समीरचा १२०, म्हणजे एका बाजूचे ६०. राजू उघड्यावरून पळत भिंतीआड जातो. तो उघड्यावर असल्याची खबर २० मिलिसेकंदांत सर्व्हरवर पोचते, तिथून ६० मध्ये समीरकडे. समीरचा संगणक हलणारं चित्र धक्के न खाता दिसावं म्हणून ते आणखी थोडं रोखून धरतो, समजा ३०. समीरला राजू उघड्यावर दिसतो, तो गोळी झाडतो, नेम अचूक. गोळीची खबर सर्व्हरवर यायला ६०. सर्व्हर निकाल देतो, ‘राजू मेला’, आणि तो निकाल राजूकडे पोचायला २०. बेरीज करा: १९० मिलिसेकंद. सेकंदाला ५ मीटर वेगाने पळणारा राजू तेवढ्यात जवळपास एक मीटर पुढे गेलेला असतो. तो भिंतीआड पोचलाय, सुटलो म्हणून हायसं वाटून घेतोय, आणि तिथे सुरक्षित उभा असताना अचानक मरून पडतो.

समीरला विचारलं तर तो म्हणतो, माझ्या डोळ्यांसमोर उघड्यावर होता, नीट मारला. राजू म्हणतो, मी भिंतीआड होतो, गोळी वळून आली काय? दोघांचंही खरं आहे. गोळीची खबर आली की सर्व्हर मुद्दाम घड्याळ मागे फिरवतो आणि ‘समीरने चाप ओढला तेव्हा त्याला राजू कुठे दिसत होता’ ते तपासून निकाल देतो. तसं केलं नाही तर समीरला राजूवर न रोखता राजूच्या पुढच्या मोकळ्या जागेवर अंदाजाने गोळ्या झाडाव्या लागतील, आणि मग नेमबाजी राहणार नाही, ज्योतिष होईल. बहुतेक नेमबाजीच्या खेळांनी म्हणून मारणाऱ्याची बाजू घेतली आहे. ‘भिंतीआड मेलो’ हा विनोद जगभरच्या खेळाडूंना न सांगता कळतो तो यामुळेच. भिंत वितळली, गोळीला डोळे फुटले, मेलेल्याला आपण मेलो हे टपालाने कळलं, अशी त्याची शेकडो रूपं तुम्हाला सापडतील.

लॅगचे दुसरे विनोद माणूस मागे खेचला जाण्यावर आहेत. तुम्ही पुढे पळत असता आणि एकदम रबर ताणून सोडल्यासारखे दहा पावलं मागे येता. दार उघडून आत शिरलात, तर पुन्हा दाराबाहेर. याचं कारण असं की प्रत्येक पावलाला सर्व्हरची परवानगी मागत बसलं तर चालणंच असह्य होईल. म्हणून तुमचा संगणक ‘परवानगी मिळेलच’ असं गृहीत धरून तुम्हाला लगेच पुढे नेतो. १९९६ साली क्वेकवर्ल्ड या खेळात ही युक्ती आली आणि तेव्हापासून ती जवळपास सगळीकडे आहे. पण मधल्या खबरा वाटेतच हरवल्या तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही हललेलेच नसता. मग तो तुम्हाला, त्याच्या मते तुम्ही जिथे आहात, तिथे आणून ठेवतो. समोरच्यांना तुम्ही कसे दिसता ते त्याहून गमतीचं: भिंतीवर डोकं टेकवून जागच्या जागी पळताय, किंवा कड्यावरून सरळ चालत निघालाय. खरा लॅग ओळखायचा तो असा. तो इतरांनाही दिसतो.

आता तुमच्या फोटोतली दुसरी ओळ: ‘पिंग २८ आहे तुझा.’ पहिल्याने लॅगची सबब सांगितली, दुसऱ्याने गुणफलक उघडून पुरावा काढला. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. पापणी लवायलाच १०० च्या वर जातात. त्यापुढे २८ म्हणजे काहीच नाही. म्हणजे उशीर तारेत झाला नाही, माणसात झाला. हे एवढं सगळं त्याने चार शब्दांत सांगितलं, आणि तेही सगळ्यांदेखत.

इथे एक पुस्ती जोडतो, नाहीतर भाच्याचा मित्र माझ्यावर रागवेल. तो आकडा सरासरीचा असतो. पिंग २८ दिसत असतानाही मधेच चार खबरा हरवू शकतात, किंवा संगणक तापून चित्र क्षणभर गोठू शकतं. त्यालाही लोक लॅगच म्हणतात, जरी त्यात नेटचा काही दोष नसला तरी. तेव्हा पहिल्याचं म्हणणं शंभर टक्के खोटं, असं मी सर्व्हरवाला म्हणून लिहून देणार नाही. मित्र म्हणून हसेन मात्र.

जुन्या खेळाडूंना या विनोदात आणखी एक चव लागते. १९९० च्या दशकात फोनच्या तारेवरून मोडेम लावून खेळणाऱ्यांचा पिंग २०० ते ३०० असायचा आणि विद्यापीठांच्या थेट लाइनवरून खेळणाऱ्यांचा कितीतरी कमी. कमी पिंगवाल्यांना तेव्हा एक शिवीवजा टोपणनाव होतं. त्या काळी ‘लॅग’ ही सबब नव्हती, ती परिस्थिती होती. पुढे तारा सुधारल्या, पिंग उतरला, सबब तेवढी मागे राहिली.

तिसरी ओळ नूबची. न्यूबी म्हणजे नवखा; त्याचं घासून झालं नूब, आणि लिहिताना गंमत म्हणून मधल्या अक्षरांच्या जागी शून्यं टाकतात, `n00b`. पण खेळाडू या दोन शब्दांत फरक करतात, आणि तो कळल्याशिवाय विनोद कळत नाही. नवखा असणं हा गुन्हा नाही. नवखा विचारतो, चुकतो, शिकतो, त्याला कुणी फारसं हसत नाही. नूब म्हणजे ज्याला येत नाही, येत नाही हे कबूल नाही, आणि म्हणून चूक कायम दुसऱ्याची. कालच पहिल्यांदा खेळलेला माणूस नूब नसेल आणि आठ वर्षं खेळणारा असेल. त्यामुळे ‘टीमच नूब आहे’ असं लिहिणारा स्वतःच्या हाताने ती व्याख्या पूर्ण करतो. त्यातून बहुतेक वेळा हे लिहिणाऱ्याचाच आकडा गुणफलकावर सगळ्यांत खाली असतो: दोन मारले, चौदा वेळा मेला. खाली नाव, खाली आकडा आणि वर निवाडा, हे दृश्य आम्हाला इतकं ओळखीचं आहे की ‘नूब टीम’ एवढे दोन शब्दही आता उपरोधानेच म्हटले जातात.

या तक्रारीत हिशेबाचीही एक गंमत आहे. अनोळखी लोकांशी खेळताना हे खेळ साधारण तुमच्याच ताकदीची माणसं शोधून तुमच्याबरोबर घालतात. कोण किती जिंकला यावरून बुद्धिबळपटूंची जशी मानांकनं काढतात, तशाच धर्तीच्या मोजमापाने. म्हणजे सगळी टीम नूब असेल तर यंत्राने तुम्हालाही तिथलंच समजलंय. आणि ‘माझ्याच वाट्याला कायम वाईट माणसं येतात’ म्हणणाऱ्याने एकदा जागा मोजाव्यात. पाच विरुद्ध पाचच्या मॅचमध्ये वाईट खेळाडूला बसायला समोर पाच जागा आहेत, तुमच्या बाजूला चारच, कारण पाचवे तुम्ही आहात. पुरेशा मॅच खेळल्या तर नशीब तुमच्याच बाजूने झुकलेलं आहे. तरीही हरत असाल, तर प्रत्येक मॅचमध्ये तुमच्या संघात हटकून असणारा माणूस एकच. हे गणित मी भांडणात दोनदा मांडून पाहिलं. दोन्ही वेळा समोरचा गेम सोडून गेला.

गेम सोडण्यावरून आठवलं. नवख्यांची एक फार जुनी खोडी आहे, आणि ती तुम्हाला कधीतरी फोटोत दिसेलच. कुणी विचारतं, ‘बंदूक कशी बदलायची?’ आणि एखादा साळसूदपणे लिहितो, ‘`Alt+F4` दाब.’ विंडोजवर या दोन कळा एकत्र दाबल्या की समोरचा प्रोग्राम बंद होतो. पुढच्याच क्षणी पडद्यावर ओळ येते, अमुक गेम सोडून गेला. बाकीचे काही न बोलता हसतात. बिचारा परत येतो, पुन्हा विचारतो, आणि कुणीतरी त्याला पुन्हा तेच सांगतं. माझ्या सर्व्हरवर एक जण यात तीनदा फसला. चौथ्या वेळी त्याने हाच सल्ला दुसऱ्याला दिला. त्या दिवशी तो नवखा राहिला नाही.

चौथी ओळ म्हणजे रेज क्विट: रागाच्या भरात मॅच अर्धी टाकून निघून जाणं. पत्त्यांचा डाव हरतोय म्हणून पत्ते फेकून उठणारा माणूस असतो ना, तोच. फरक असा की पत्त्यांत तो उठताना सगळ्यांना दिसतो. इथे पडद्यावर फक्त एक कोरडी ओळ येते. आदळआपट, फेकलेला माउस, काहीही न दिसता सरकारी सूचनेसारखं नुसतं ‘सोडून गेला’. त्या कोरडेपणाचंच अर्धं हसू येतं. शिवाय मागे राहिलेल्यांना चौघांनी पाच जणांशी लढावं लागतं, म्हणून बरेच खेळ सोडून जाणाऱ्याला शिक्षा करतात. काउंटर-स्ट्राइकच्या मानांकनाच्या मॅचमधून निघून गेलात तर पहिल्यांदा ३० मिनिटं, पुन्हा केलंत तर २ तास, मग २४ तास आणि मग ७ दिवस नव्या मॅचला बंदी येते. यातून आणखी विनोद पिकतात. एक म्हणजे ‘मी हा गेम कायमचा काढून टाकतोय’ असं जाहीर करून गेलेला माणूस दुसऱ्या संध्याकाळी नावापुढे हिरवा ठिपका लावून हजर असतो. दुसरा माझा लाडका: तो गेल्यावर उरलेले चौघे मॅच जिंकतात.

पण माणूस रागाने गेला की त्याचं नेट खरंच तुटलं, हे कसं ओळखायचं? नेट तुटतं तेव्हा सर्व्हरला ते लगेच कळत नाही. खबरा यायच्या थांबतात, सर्व्हर काही सेकंद वाट बघतो, तोवर त्या माणसाची आकृती मैदानात पुतळ्यासारखी उभी राहते नाहीतर सरळ रेषेत चालत राहते, आणि मग नोंद होते, `timed out`. रागावलेला माणूस बाहेर पडायचं बटण दाबतो. तेव्हा त्याचा खेळ जाता जाता सर्व्हरला ‘निघालो’ असं कळवतो आणि नाव त्याच क्षणी गायब होतं. वायर उपटून जाणारे हुशारही भेटतात, पण त्यासाठी रागात थोडी थंड डोक्याची तयारी लागते. सर्व्हर चालवताना मी आणखी एक गोष्ट बघायचो: माणूस मरून किती वेळात गेला. खरं नेट तुटायला मुहूर्त लागत नाही, ते कधीही तुटतं. अपमानकारक मरणानंतर दोन सेकंदांत ते वारंवार तुटत असेल तर बिघाड तारेत नाही.

आता पाचवी ओळ वाचा. ‘अरेरे, नेट गेलं वाटतं बिचाऱ्याचं.’ नेट गेलेलं नाही हे तिसऱ्याला पक्कं माहीत आहे. पिंग २८ आहे हे तीन ओळी आधीच सगळ्यांनी वाचलंय, पुतळा उभा राहिला नाही हे बहुधा सगळ्यांनी पाहिलंय. पण पहिल्याने मरणाचं खापर नेटवर फोडलं होतं, तर तिसऱ्याने त्याच्या पळण्याचं खापरही अगदी आदराने तिथेच नेऊन फोडलं. वरून सहानुभूती, आतून चिमटा. त्याला थेट ‘पळपुट्या’ म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, हसू नाही.

हे ओळखीच्यांतच चालतं, हेही सांगतो. अनोळखी नवख्याला कुणी ‘नूब’ म्हटलं तर ती शिवीच असते, त्यात विनोद शोधायला जाऊ नका. भाच्याच्या टोळीत मात्र पहिला दुसऱ्या दिवशी परत आलेला असणार, आणि त्याचं स्वागत ‘नेट आलं का रे?’ असं झालेलं असणार.

माझं स्वतःचं नेट एकदा खरंच तुटलं होतं. ऐन मॅचमध्ये मी आपलाच बॉम्ब आपल्याच पायाशी टाकून मेलो आणि पुढच्या सेकंदाला घरची वीज गेली. वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा सगळे इतक्या प्रेमाने चौकशी करत होते की मी खुलासा करायचा विचार सोडून दिला. नोंदीत `timed out` स्पष्ट लिहिलेलं होतं, पण सर्व्हरही माझाच होता, मग त्या नोंदीवर विश्वास कोण ठेवणार?

भाच्याला उत्तर पाठवायचं असेल तर फार काही लिहू नका. ‘२८ पिंगला कसला लॅग?’ एवढंच पाठवा. मग तुम्ही कधीच खेळला नाहीत यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.